भाड्याच्या फ्लॅटमध्ये शिकवणी किंवा शिवणकाम करायचं आहे: घरमालकांची परवानगी कशी मागावी?

पुणे आणि आसपासच्या भागात मी भाडेकरार नोंदवून देते. अंगठे घ्यायचं यंत्र आणि लॅपटॉप घेऊन लोकांच्या घरी जाते. मालक चहा सांगायला आत गेले की भाडेकरू बाई हळूच विचारतात, "ताई, चार मुलांची शिकवणी घेतली तर चालेल ना? यांना सांगायलाच पाहिजे का?" कधी शिकवणीऐवजी ब्लाउज असतात, कधी साडीला फॉल-पिको. प्रश्न तेच आहेत, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. ती महाराष्ट्रातल्या लिव्ह अँड लायसन्स कराराला धरून आहेत.

घरातच तर करायचं आहे, मग परवानगी कशाला?

तुमचा करार काढून वाचा. जवळजवळ प्रत्येक करारात एक कलम असतं की जागा फक्त राहण्यासाठी वापरायची, दुसऱ्या कोणत्याही कामासाठी नाही. त्या कागदावर तुमची सही आहे आणि अंगठाही आहे. शेजारच्या दोन मुलांचा अभ्यास घेतला तर कुणी काही म्हणत नाही. पण फी घेऊन रोज ठरलेल्या वेळी मुलं यायला लागली, किंवा मशीन मांडून गिऱ्हाइकं यायला लागली, की ते कलम मोडलं असं मालक म्हणू शकतात. कलम मोडलं म्हणून करार मुदतीआधी संपवायची तरतूदही बहुतेक करारांत असते. वर्षाच्या मध्यात घर शोधायची वेळ आली तर मुलांच्या पालकांना काय सांगणार? माझं म्हणणं, आधी विचारा आणि लेखी घ्या.

मालक एवढे घाबरतात कशाला? एका मशीननं त्यांचं काय बिघडणार?

हे नीट समजलं तर परवानगी मिळवणं सोपं जातं, म्हणून इथे थोडं सविस्तर लिहिते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 यातलं कलम 24 मालकांच्या फार कामाचं आहे. राहण्यासाठी दिलेल्या जागेची मुदत संपली आणि माणूस निघाला नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून तुलनेनं लवकर ताबा मिळवू शकतात. मुदतीनंतर राहिलेल्या दिवसांचं भाडंही दुपटीनं मागता येतं. पण हे कलम फक्त राहण्यासाठी दिलेल्या जागेला लागू आहे. जागा व्यवसायासाठी दिली असेल तर हा जवळचा रस्ता बंद होतो आणि मालकांना नेहमीच्या दिवाणी मार्गानं जावं लागतं. शिवाय त्याच कलमात म्हटलं आहे की लेखी करारात जे लिहिलं आहे तोच निर्णायक पुरावा. म्हणजे "व्यवसायासाठी" हा एक शब्द करारात शिरला तरी मालकांनी स्वतःच्या हातानं आपली बाजू कमकुवत केली असं होतं.

म्हणून तुम्ही "काका, मला घरातून बिझनेस करायचा आहे" असं म्हणालात की त्यांच्या डोळ्यांसमोर दुकान उभं राहतं आणि कोर्टाच्या तारखाही. ते नाही म्हणतात ते तुमच्या मशीनला नाही, त्या शब्दाला. मागणी अशी मांडा की घर राहण्यासाठीच आहे, राहता राहता त्यातल्या एका खोलीत मी स्वतः थोडं काम करणार आहे.

म्हणजे नेमकं काय लिहायचं?

सिंहगड रोडवरचं एक उदाहरण सांगते. वन बीएचके, भाडं 15,000 रुपये, डिपॉझिट 50,000. मालक बँकेतून निवृत्त झालेले, नाशिकला मुलाकडे राहणारे. भाडेकरू बाई ब्लाउज शिवतात, हात चांगला आहे. त्यांनी फोनवर विचारलं तेव्हा काका म्हणाले, "बघू." मग ओळखीच्या एका एजंटानं दोन ओळींचा मजकूर करून दिला, "सदर जागेत टेलरिंग व्यवसाय करण्यास परवानगी". तो वाचून काकांनी सरळ नकार दिला आणि पुढच्या वेळी करार वाढवणार नाही असंही बोलून गेले. त्या बाई रडवेल्या होऊन माझ्याकडे आल्या. आम्ही पत्र नव्यानं लिहिलं. ते असं होतं:

"आपल्याशी झालेल्या नोंदणीकृत करारानुसार मी या फ्लॅटमध्ये राहते. बाहेरच्या खोलीत एक शिलाई मशीन आणि एक पिको-फॉल मशीन ठेवून मी स्वतः ब्लाउज व साडीचं काम करण्यास आपण संमती द्यावी ही विनंती. कामाची वेळ सोमवार ते शनिवार, सकाळी 11 ते 1 आणि दुपारी 3 ते 6 राहील. कामाला बाहेरचं कुणी ठेवणार नाही. एका वेळी दोनपेक्षा जास्त गिऱ्हाइकं घरात येणार नाहीत. दारावर किंवा इमारतीवर पाटी लावणार नाही. जागा मला राहण्यासाठीच दिलेली आहे व तशीच राहील. या कामामुळे जागेवर माझा कोणताही वेगळा हक्क निर्माण होत नाही. कराराची मुदत संपेल त्या दिवशी ही संमतीही संपेल. या कामामुळे विजेचा दर बदलला किंवा दंड आला तर तो मी भरीन. तक्रार आल्यास आपण एक महिन्याची लेखी सूचना देऊन संमती मागे घेऊ शकता."

त्यांनी पत्राचा फोटो आधी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि रात्री फोन केला. काका म्हणाले, "हे ठीक आहे, यात सगळं आलं." मग दोन प्रती कुरिअरनं नाशिकला गेल्या. काकांनी दोन्हींवर "संमती आहे" लिहून सही आणि तारीख घातली, एक प्रत ठेवून दुसरी परत पाठवली. काम तेच होतं, खोली तीच होती. "व्यवसाय" हा शब्द गेला आणि राहण्याचं वाक्य आलं, एवढाच फरक.

शिकवणी असेल तर मशीनच्या जागी मुलांची संख्या लिहा: कोणत्या इयत्तेची, एका वेळी किती, दिवसातून किती बॅच, कोणत्या वाराला. "काही मुलं" असं मोघम लिहू नका. मालकांना सहा म्हणजे सहा असं कळलं की धीर येतो. मोघम वाचलं की त्यांना पन्नास दिसतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर "ओके" आलं आहे. तेवढं पुरे का?

काहीच नसण्यापेक्षा बरं, पण पुरेसं नाही. "ओके" कशाला, किती मुलांना, किती दिवस, यातलं काहीच त्यात नसतं. पुढे मालकांचा मुलगा किंवा सून व्यवहार बघायला लागली तर त्यांना तो मेसेज ठाऊकही नसतो. मेसेज जपून ठेवा आणि त्याच आठवड्यात सही केलेलं पत्र घ्या.

करारातच घालून घेता येणार नाही का?

येतं, आणि नवा करार होत असेल तर तेच उत्तम. ऑनलाइन नोंदणीत जादा अटी लिहायला जागा असते. मसुदा तयार होत असताना, अंगठे देण्याआधी सांगा. अंगठे झाल्यावर आठवलं तर काही करता येत नाही. वरच्याच पत्रातला मजकूर दोन-तीन वाक्यांत आणून अटीत टाकायचा, आणि "जागा राहण्यासाठीच" हे मूळ कलम तसंच ठेवायचं.

चालू करार मोडून मुद्दाम नवा करायची गरज सहसा नसते, पत्रावर भागतं. मालकांनी नवाच करार पाहिजे म्हटलं तर खर्चाचा अंदाज असू द्या. 15,000 भाडं आणि 50,000 डिपॉझिटच्या 11 महिन्यांच्या कराराला मुद्रांक शुल्क 0.25 टक्के दरानं साधारण 425 रुपये येतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000 रुपये. त्यावर दस्त हाताळणीचं शुल्क आणि करार करून देणाऱ्याचे पैसे वेगळे. हा खर्च तुम्ही उचला, कारण गरज तुमची आहे.

शिकवणीवाल्यांसाठी एक गोष्ट जीव तोडून सांगते. कराराची मुदत बघा. करार जानेवारीत संपत असेल आणि तुम्ही जूनमध्ये दहावीची मुलं घेतली असतील, तर ऐन परीक्षेच्या तोंडावर घर बदलायची वेळ येऊ शकते. शक्य असेल तर करार एप्रिल-मेमध्ये संपेल असा करून घ्या. नाहीतर मुलं घेण्याआधी मालकांशी पुढच्या मुदतीचं बोलून घ्या.

वीजबिल कमर्शियल होईल असं मालक म्हणतात. खरं आहे का?

ही भीती निराधार नाही, पण लहान कामाला सहसा लागू होत नाही. राज्य वीज नियामक आयोगाच्या दरआदेशांत घरगुती वर्गासाठी एक सवलत दिलेली आहे. घराच्या काही भागात व्यवसाय चालत असेल, पण महिन्याचा वापर 300 युनिटपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षाचा एकूण वापर 3,600 युनिटपर्यंत असेल, तर घरगुती दरच लागतो. वर्षाच्या शेवटी वापर तपासतात. मर्यादा ओलांडलेली दिसली तर आधी कळवून पुढे दुसरा दर लावतात. दरआदेश ठरावीक काळानं नवा निघतो, म्हणून सध्याचा आदेश बघून घ्या.

आता सिंहगड रोडच्या बाईंचा हिशोब बघू. मशीनची मोटर 100 वॅटची. रोज पाच तास, म्हणजे अर्धा युनिट. महिन्याचे 26 दिवस धरले तर 13 युनिट. इस्त्री 1,000 वॅटची, पण प्रत्यक्ष तापते ती दिवसाला सगळी मिळून अर्धा तास, म्हणजे पुन्हा 13 युनिट. पंखा आणि ट्यूब मिळून 100 वॅट, पाच तास, आणखी 13. सगळे मिळून 39 युनिट. त्यांचा घरचा वापर आधी 110 च्या आसपास होता, तो 150 च्या घरात गेला. तीनशेपासून तो बराच लांब आहे. शिकवणीला तर पंखा आणि ट्यूबच लागते, म्हणजे याहून कमी.

धोका कुठे आहे तेही सांगते. घरात एसी असेल, गिझर असेल, वर दोन-तीन मोठ्या मशीन आणि स्टीम इस्त्री असेल, तर उन्हाळ्यात 300 ओलांडायला वेळ लागत नाही. मर्यादेबाहेर जाऊन घरगुती मीटरवर व्यवसाय चालू आहे असं तपासणीत सापडलं, तर वीज कायदा, 2003 च्या कलम 126 खाली लागू दराच्या दुपटीनं आकारणी होऊ शकते. मीटर मालकांच्या नावावर असतं, त्यामुळे नोटीसही त्यांनाच येते. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. तो भाग मालकांना दाखवा आणि दर तीन महिन्यांनी बिलाचा फोटो न मागता पाठवत जा.

सोसायटीची एनओसी लागते का? कोणी मागायची?

सोसायटीशी तुमचं थेट नातं नाही. सभासद मालक आहेत, म्हणून सोसायटीला कळवायचं तेही त्यांनीच. आदर्श उपविधींनुसार फ्लॅटचा वापर बदलायचा असेल तर समितीची लेखी परवानगी लागते. एका बाईनं सहा मुलं शिकवणं म्हणजे वापर बदलणं का, यावर प्रत्येक समितीचं मत वेगळं. म्हणून मालकांना दोन ओळींचं पत्र सेक्रेटरींना द्यायला सांगावं: राहता वापर कायम आहे, अमुक वेळेत एवढी मुलं येतील. तुम्ही स्वतः जाऊन सेक्रेटरींना भेटलात तर आणखी चांगलं, पण मालकांना सांगून जा. मालकांना कळायच्या आधी ही बातमी सोसायटीच्या ग्रुपवर गेली तर बनत आलेलं बिनसतं.

पैशांचा एक मुद्दा. भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटी मालकांकडून जे नॉन-ऑक्युपन्सी घेते, त्यावर 2001 च्या शासन आदेशानं मर्यादा आहे: सेवा शुल्काच्या 10 टक्के, आणि त्यात पालिकेचे कर धरायचे नाहीत. शिकवणी घेतात म्हणून नॉन-ऑक्युपन्सी दुप्पट करू असं कुणी म्हणालं तर ही मर्यादा नम्रपणे दाखवावी.

शेजारी कशावरून तक्रार करतात?

शिकवणीचा आवाज हे कारण क्वचितच असतं. पॅसेजमध्ये पसरलेल्या चपला, लिफ्ट अडवून धरणारी मुलं, जिन्यातली पळापळ आणि सुटायच्या वेळी गेटपाशी दुचाकीवर थांबलेले पालक, यावरून भांडणं होतात. एक बॅच सुटते आणि दुसरी येते ती दहा मिनिटं सगळ्यात वाईट. दोन बॅचमध्ये पंधरा मिनिटं मोकळी ठेवा. चपलांचा रॅक दाराच्या आत घ्या. पालकांना पहिल्याच दिवशी सांगा की गाडी गेटच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला लावायची. पॅसेजमध्ये बाक किंवा खुर्ची अजिबात ठेवू नका. तो येण्याजाण्याचा रस्ता आहे, आणि समितीच्या हातात पहिला मुद्दा तोच लागतो.

मशीनचं वेगळं असतं. मशीनवर बसलेल्या बाईला जे जाणवत नाही ते खालच्या घरात जाणवतं. सिंहगड रोडच्या त्या बाईंच्या खालच्या मजल्यावरच्या आजींनी मला एकदा घरात बोलावलं आणि म्हणाल्या, "इथे हात लाव." स्वयंपाकघरातल्या मांडणीवर हात ठेवला तर बारीक थरथर लागत होती आणि स्टीलचे पेले एकमेकांना लागून किणकिण वाजत होते. वर मशीन भिंतीला टेकवून ठेवलं होतं आणि स्टँडचे लोखंडी पाय थेट फरशीवर होते. मशीन भिंतीपासून चार बोटं सरकवलं, प्रत्येक पायाखाली जाड रबरी पॅड दिला आणि खाली सतरंजी दुमडून टाकली. पेले वाजायचे थांबले. कारखान्यातलं जुनं पॉवर मशीन घेणार असाल तर क्लच मोटर टाळा. ती शिवत नसतानाही घुमत राहते आणि वीजही खाते. सर्वो मोटर पायडल दाबलं तेवढीच फिरते.

मालकांनी भाडं वाढवून मागितलं तर?

चालू करारात ठरलेलं भाडं मुदत संपेपर्यंत तेच राहतं, एकट्या मालकांना ते वाढवता येत नाही. पण परवानगी देणं त्यांच्या हातात आहे, तेव्हा अडून बसूनही उपयोग नाही. मी डिपॉझिट थोडं वाढवायला सुचवते. भिंतीला डाग, फरशीला चरे ही त्यांची खरी काळजी असते, आणि डिपॉझिट तुम्हाला परत मिळतं. काम सुरू करायच्या आधी खोलीचे फोटो काढून दोघांकडेही ठेवा. फरशी, खिडकीचं लाकूड, स्विचबोर्ड, सगळं त्यात यावं.

शॉप अ‍ॅक्ट आणि उद्यम नोंदणी करू का?

बँकेच्या कर्जासाठी किंवा चालू खात्यासाठी हे कागद लागू शकतात. महाराष्ट्रात एकटीनं करायच्या अशा लहान कामाला शॉप अ‍ॅक्टखाली ऑनलाइन सूचना देणं पुरतं. उद्यम नोंदणी मोफत आहे, तिच्यासाठी पैसे मागणाऱ्यांपासून सांभाळा. पण दोन्हीकडे कामाचा पत्ता लिहावा लागतो, आणि तो पत्ता मालकांच्या घराचा आहे. आपल्या घराच्या पत्त्यावर एखादी आस्थापना आहे हे मालकांना दुसऱ्याकडून कळलं की मिळालेली परवानगीसुद्धा धोक्यात येते. नोंदणी करणार असाल तर पत्रात तशी एक ओळ वाढवा.

मी शाळेत शिक्षिका आहे. संध्याकाळी घरी शिकवणी घेऊ का?

इथे मालकांच्या आधी तुमच्या नोकरीचा प्रश्न येतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 28 नुसार शिक्षकांना खासगी शिकवणीला मनाई आहे. मालकांनी संमती दिली तरी ती मनाई उठत नाही.

मालक नाहीच म्हणाले तर?

तर त्या घरात ते काम करू नका. लपून केलेलं फार तर दोन महिने लपतं. नकाराचं कारण मात्र विचारा, कारण कित्येकदा नकार सगळ्याला नसतो. काकूंना मशीन चालतं पण गिऱ्हाइकांची ये-जा नको असते. मग मापं गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन घ्यायची आणि शिवलेले कपडे पोचवायचे. शिकवणीला मुलांच्या घरी जाता येतं, किंवा एखाद्या पालकांच्या घरी चार मुलं जमवता येतात. एका मैत्रिणीला मालकांनी तीन महिन्यांपुरती, चारच मुलांची परवानगी दिली होती. तीन महिन्यांत कुणाची तक्रार आली नाही, तेव्हा त्यांनी आपणहून सहा मुलांचं पत्र दिलं. नकार आला तर अशी थोड्या मुदतीची मागणी करून बघा.

घर सोडताना काय करायचं?

पालकांना आणि गिऱ्हाइकांना महिनाभर आधी नवा पत्ता कळवा, म्हणजे नव्या भाडेकरूंच्या दारात माणसं येत राहणार नाहीत. शॉप अ‍ॅक्ट आणि उद्यमवरचा पत्ता बदलून घ्या, आणि नकाशाच्या अ‍ॅपवर क्लासचं नाव टाकलं असेल तर तेही काढा. मशीनखालची फरशी पुसून, सुरुवातीच्या फोटोंशेजारी नवे फोटो ठेवून मालकांना दाखवा. संमतीपत्राची तुमची प्रत डिपॉझिट हातात पडेपर्यंत फाडू नका.